इंडेक्स ऑप्शन विकणाऱ्यांचा 'व्हेरियन्स प्रीमियम' खरंच असतो का, आणि तपासायचा कसा?

आकडेबाज

नमस्कार मंडळी. ऑप्शन विकणाऱ्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, की आयव्ही, म्हणजे ऑप्शनच्या किमतीतून निघणारी अपेक्षित व्होलॅटिलिटी, ही नंतर प्रत्यक्षात येणाऱ्या व्होलॅटिलिटीपेक्षा सरासरीने जास्तच असते आणि मधला फरक विकणाऱ्याच्या खिशात जातो. ऐकून ऐकून कंटाळा आला म्हणून म्हटलं स्वतःच आकडे काढून बघू. एस अँड पी ५०० चे रोजचे बंद भाव घेतले आणि सोबत व्हिक्स, म्हणजे त्याच इंडेक्सच्या ऑप्शनवरून निघणारी आयव्ही, कारण दोन्हीचा जुना डेटा सहज मिळतो.

रोजच्या व्हिक्समधून मागच्या २१ ट्रेडिंग दिवसांची रिअलाइज्ड व्होलॅटिलिटी, म्हणजे आरव्ही, वजा केली. लांबच्या काळाची सरासरी काढली तर साडेतीन-चार पॉइंटच्या आसपास फरक दिसतो, सगळे सांगतात तसाच. चार्ट पण बहुतेक वेळ शून्याच्या वर. पण बघून समाधान होत नाहीये, काहीतरी फारच गुळगुळीत वाटतंय. मार्च २०२० मध्ये सुद्धा बाजार कोसळत असताना चार्ट वरच, खड्डा पडतो तो उशिरा. त्या महिन्यात विकणाऱ्यांची काय अवस्था झाली ते सगळ्यांना माहितीये, मग चार्टमध्ये ते दिसत का नाही?

थीटाप्रेमी

दिसत नाही कारण तेवढं झालंच नाही :) लोक उगाच घाबरवतात. आयव्ही आरव्हीपेक्षा बहुतांश महिन्यांत जास्त असते ही गोष्ट सिद्धच आहे, त्यात परत तपासायचं काय? लोकांना पडझडीची भीती वाटते, ते पुट विकत घेतात, भीतीपोटी जास्त पैसे देतात, ते आपण घ्यायचे. वाईट महिना येतो पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत भरून निघतो.

रात्रपाळी

थीटाप्रेमी, आयव्ही बहुतांश महिन्यांत जास्त असते आणि लोक भीतीपोटी जास्त देतात हे बरोबर, "भरून निघतो" हे शेवटचं वाक्य चूक. त्याच्याकडे नंतर येतो.

आकडेबाज, तुमचा चार्ट गुळगुळीत आहे कारण तुम्ही उलट्या दिशेने बघताय. आजचा व्हिक्स पुढच्या ३० कॅलेंडर दिवसांबद्दल बोलतो. आज विकणाऱ्याला आज ठरलेली किंमत मिळते आणि त्या बदल्यात तो पुढे जे होईल ते भोगतो. मागचे २१ दिवस त्याच्या हिशोबात कुठेच नाहीत. म्हणून आजचा व्हिक्स पुढच्या २१ दिवसांच्या आरव्हीसमोर ठेवायला हवा. तुम्ही जे काढलंय त्याला फार तर "बाजार सध्या मागच्या महिन्यापेक्षा किती जास्त घाबरलाय" असं म्हणता येईल, तो विकणाऱ्याचा नफा नव्हे.

```python
r   = np.log(df["close"]).diff()
rv  = np.sqrt(r.pow(2).rolling(21).sum() * 252/21) * 100
fut = rv.shift(-21)

df["back"] = df["vix"] - rv
df["fwd"]  = df["vix"] - fut
df["var"]  = df["vix"]**2 - fut**2
```

`back` म्हणजे तुमचा चार्ट, `fwd` खरा. गंमत अशी की दोन्हींची सरासरी जवळपास सारखीच येणार, कारण तीच मालिका नुसती २१ दिवस सरकवलीये. त्यामुळे सरासरी बघणाऱ्याला ही चूक कधीच सापडत नाही. चालवून बघा आणि फक्त फेब्रुवारी-मार्च २०२० चे आकडे इथे टाका.

मधलीसुट्टी

मी पण हेच बघते! माझ्या ब्रोकरच्या स्क्रीनवर आयव्ही पर्सेंटाइल असतं, ते ८० च्या वर गेलं की विकायचं आणि ३० च्या खाली असलं की गप्प बसायचं. म्हणजे आयव्ही महाग झाली की विकायची. तुम्ही लोक एवढा कोड का लिहिताय?

खवचट

मधलीसुट्टी ताई, पर्सेंटाइल सांगतं की आयव्ही स्वतःच्या मागच्या वर्षाच्या मानाने वर आहे. ती महाग आहे असं कुठे सांगतं? बाजार रोज तीन टक्के हलत असेल तर आयव्ही ४० हा स्वस्त भाव असू शकतो आणि बाजार झोपलेला असेल तर १२ पण महाग. महाग की स्वस्त ते पुढे काय घडलं त्यावरून ठरतं, गेल्या वर्षी भाव काय होता त्यावरून नाही.

मधलीसुट्टी

अच्छा. पण ८० च्या वर विकून मला फायदा झालाय ना बऱ्याचदा. असो, वाचते पुढे.

आकडेबाज

रात्रपाळी, चालवलं. राव, हे तर पूर्ण वेगळंच चित्र आहे.

१९ फेब्रुवारी २०२०, बाजार अगदी शिखरावर, व्हिक्स १४.३८. पुढच्या २१ दिवसांची आरव्ही ८५ च्या आसपास. म्हणजे `fwd` जवळपास उणे ७०. माझ्या जुन्या चार्टमध्ये त्या दिवशी अधिक आकडा दिसत होता.

१९ मार्च २०२० ला उलटा प्रकार. व्हिक्स ७२, मागची आरव्ही तीच ८५, म्हणून `back` साधारण उणे १३. पण पुढच्या २१ दिवसांची आरव्ही ५९ च्या आसपास आली, म्हणजे `fwd` अधिक १३! तारीख तीच, दोन्ही आकड्यांची चिन्हं उलटी.

आणि तुम्ही म्हणालात तसं पूर्ण काळाची सरासरी दोन्हीकडे जवळजवळ सारखी.

रात्रपाळी

बरोबर. मागे बघणाऱ्या चार्टमध्ये पडझडीच्या वेळी व्हिक्स आणि आरव्ही दोघं एकदमच वर जातात, त्यामुळे वजाबाकीत मार लपतो. प्रत्यक्षात विकणारा १४ ला विकून बसलेला असतो, ७२ ला विकायची हिंमत आणि मार्जिन त्याच्याकडे शिल्लक असेल तर असेल.

आता थीटाप्रेमींच्या "दोन-तीन महिन्यांत भरून निघतं" बद्दल. शेवटची ओळ, `var` वाली, बघा. व्होलॅटिलिटीच्या पॉइंटमध्ये फरक काढला तर मार छोटा दिसतो, कारण पैसा व्होलॅटिलिटीवर जात नाही, तिच्या वर्गावर, म्हणजे व्हेरियन्सवर जातो. ऑप्शन विकून रोज डेल्टा हेज करणाऱ्याचा एका दिवसाचा हिशोब घ्या. आयव्ही १६ असेल तर २५२ च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळपास १६ ने भागून, दिवसाला १ टक्का हालचाल ही बरोबरीची रेषा. इंडेक्स अर्धा टक्का हलला तर विकणाऱ्याची कमाई १ वजा पाव, म्हणजे पाऊण एकक. पण ३ टक्के हलला तर १ वजा ९, म्हणजे ८ एकक तोटा. एका दिवसाच्या तोट्याला अकरा शांत दिवस लागले. ही घात दोनची गोष्ट आहे, म्हणून मोजमाप पण वर्गातच करायचं.

आता महिन्याचा हिशोब. साधारण बरा महिना म्हणून विकली १६ ला आणि आली १२ असं धरू. २५६ वजा १४४, कमाई ११२ व्हेरियन्स पॉइंट. फेब्रुवारी २०२० च्या त्या विक्रीत मिळाले १४.३८ चा वर्ग, म्हणजे साधारण २०७, आणि द्यावे लागले ८५ चा वर्ग, ७२०० च्या वर. तोटा ७००० पॉइंट. भागा ११२ ने. साठ महिन्यांच्या वर येतं, पाच वर्षं. नुसत्या व्होलॅटिलिटी पॉइंटमध्ये मोजलं असतं तर ७० भागिले ४, दीड वर्षात भरपाई झाल्यासारखी वाटली असती.

थीटाप्रेमी

ठीक आहे पण तुम्ही सर्वात वाईट महिना निवडलात. आणि अगदी शिखराचा दिवस! कोणी सगळा माल एकाच दिवशी विकतं का? शिवाय १९ मार्चला विकणाऱ्याला ७२ चा वर्ग मिळाला ना, ५१८४, आणि दिले ३४८१. एका महिन्यात १७०० पॉइंट कमाई, म्हणजे तुमच्या हिशोबाने पंधरा महिन्यांची. मग जो टिकून राहिला त्याचं भरून लवकर निघालं.

रात्रपाळी

हा मुद्दा मान्य, आणि चांगला आहे. पडझडीनंतर प्रीमियम जाडजूड होतो आणि दीर्घकाळाच्या सरासरीत त्या महिन्यांचा वाटा मोठा असतो. पण "जो टिकून राहिला" या तीन शब्दांत सगळं आलं. नोव्हेंबर २००८ मध्ये व्हिक्स ८० च्या वर बंद झाला, १६ मार्च २०२० ला ८२.६९. तेवढ्यात विकायला ज्याच्याकडे पैसे उरले त्यालाच ती कमाई. सरासरीत सगळे महिने सारख्या वजनाने येतात, माणसाच्या खात्यात तसं नसतं, खातं रिकामं झालं की पुढचे महिने मोजायला तो नसतोच.

सोनचाफा

मी ऑप्शन कधी विकले नाहीत, पण आकडेशास्त्राशी रोजचा संबंध आहे म्हणून एक विचारते. आकडेबाज, तुम्ही रोजच्या डेटावर सरासरी काढून टी-स्टॅट काढलाय का? किती आला?

आकडेबाज

काढलाय. खूप मोठा येतो ताई, प्रीमियम शून्य आहे असं म्हणायला जागाच नाही.

सोनचाफा

तो आकडा फेकून द्या. आजची २१ दिवसांची खिडकी आणि उद्याची खिडकी यात २० दिवस सामाईक आहेत. म्हणजे दहा वर्षांच्या २५२० ओळी दिसत असल्या तरी स्वतंत्र माहिती जेमतेम १२० महिन्यांची. प्रोग्रामला ते कळत नाही, तो २५२० वेगळी निरीक्षणं समजून भागाकार करतो. ढोबळमानाने टी-स्टॅट २१ च्या वर्गमुळाएवढा, म्हणजे साडेचार पट फुगलेला धरा. नऊ आला असेल तर खरा दोनच्या आसपास, एवढा फरक पडतो.

दोन उपाय आहेत. एक म्हणजे महिन्यातून एकच निरीक्षण घ्यायचं, एक्सपायरीच्या दुसऱ्या दिवसापासून पुढच्या एक्सपायरीपर्यंत, खिडक्या एकमेकींवर पडू द्यायच्या नाहीत. दुसरा, रोजचा डेटा ठेवा पण न्यूई-वेस्ट सुधारणा लावा आणि लॅग किमान २० ठेवा. मी असते तर पहिलाच केला असता आणि मग सुरुवातीचा दिवस बदलून बदलून बघितला असता, महिन्याच्या कुठल्या दिवशी सुरुवात केली यावर उत्तर किती हलतं ते. उत्तर खूप हललं तर समजायचं एक-दोन महिनेच सगळा निकाल ठरवतायत.

आणि याहून मोठी अडचण कुठल्याच सुधारणेने जात नाही. ज्या घटनेच्या भीतीपोटी प्रीमियम दिला जातो ती नमुन्यात पुरेशा वेळा आलेलीच नसते. २०१२ ते २०१७ एवढाच डेटा घेतला तर प्रीमियम म्हणजे फुकटचे पैसे वाटतील.

खवचट

+१. शेवटच्या परिच्छेदाबद्दल अजून एक. व्हिक्सचा हल्लीचा डेटा १९९० पासून मागे नेलेला मिळतो, म्हणजे १९ ऑक्टोबर १९८७ त्यात नाही. त्या एका दिवशी एस अँड पी ५०० वीस टक्क्यांवर पडला. बाकीचे २० दिवस इंडेक्स जागचा हलला नाही असं धरलं तरी त्या एकट्या दिवसामुळे महिन्याची आरव्ही ७० च्या वर जाते. आपल्या सगळ्या चाचण्या त्या दिवसानंतर सुरू होतात आणि मग आपण म्हणतो सरासरी चार पॉइंट मिळतात. कोणाला?

थीटाप्रेमी

म्हणजे तुमच्या मते प्रीमियम नाहीच?

खवचट

आहे. पण ती विम्याच्या हप्त्यासारखी भरपाई आहे, बाजाराची चूक नाही. लोक मूर्ख आहेत म्हणून जास्त देतात असं नाही, नोकरी, पोर्टफोलिओ सगळं एकदम बुडतं त्याच दिवशी ज्याचे पैसे मिळतात त्या वस्तूला माणूस सरासरीपेक्षा जास्त किंमत देणारच. तुम्ही ती जोखीम घेता म्हणून तुम्हाला मिळतं. ते रास्त आहे की जास्त आहे, ते मात्र तीस-पस्तीस वर्षांच्या डेटावरून कोणी सांगू शकेल असं मला वाटत नाही.

रात्रपाळी

खवचटांशी बऱ्यापैकी सहमत, पण पूर्ण नाही. नुसती जोखमीची भरपाई असती तर एकेका शेअरच्या ऑप्शनमध्ये पण तेवढाच प्रीमियम दिसायला हवा होता, शेअर पण कोसळतातच की. तिथे तो सरासरीने इंडेक्सपेक्षा खूप कमी दिसतो. इंडेक्समध्ये वेगळी भीती विकली जाते, की सगळे शेअर एकदम एकाच दिशेने पळतील, म्हणजे कोरिलेशनची. शिवाय मोठे फंड सातत्याने इंडेक्सचे पुट घेतात आणि समोर विकणाऱ्यांचं भांडवल मर्यादित असतं, त्या मागणीचा पण भाग आहे. किती कशाचा, यावर डेस्कवर रोज भांडणं व्हायची.

मधलीसुट्टी

माझा प्रश्न विचारू का? मी इंडेक्सचे आठवड्याचे स्ट्रँगल विकते, दोन्ही बाजूंनी लांबचे, हेज वगैरे काही करत नाही, एक्सपायरीपर्यंत धरते. बहुतेक आठवडे पूर्ण प्रीमियम मिळतो. हा जो तुम्ही म्हणताय तो व्हेरियन्स प्रीमियमच आहे ना? म्हणजे मी आठवड्याची आयव्ही आणि नंतर आलेली आरव्ही बघितली तर माझ्या नफ्याशी जुळायला पाहिजे?

रात्रपाळी

मधलीसुट्टी, जुळणार नाही, आणि का जुळणार नाही ते समजलं तर या धाग्यातलं अर्धं काम झालं.

तुम्ही हेज करत नाही. त्यामुळे तुमचा निकाल फक्त शेवटच्या दिवशी इंडेक्स कुठे उभा आहे यावर ठरतो, वाटेत किती हलला यावर नाही. इंडेक्स रोज दोन टक्के वर, दोन टक्के खाली असा नाचून शुक्रवारी जिथल्या तिथे आला तर आरव्ही ३० च्या वर, आणि तुम्हाला पूर्ण प्रीमियम. उलट रोज पाऊण टक्का एकाच दिशेने सरकत गेला तर आरव्ही १२ आणि तुमची एक बाजू धोक्यात. दोन्हीकडे आयव्ही १६ ला विकली असेल तर आरव्हीच्या हिशोबाने पहिल्यात तोटा आणि दुसऱ्यात नफा व्हायला हवा होता. तुमच्या नफ्यात प्रीमियम आहेच, पण त्यात दिशेचा जुगार एवढा मिसळलाय की शंभर आठवड्यांनी पण वेगळा काढता येणार नाही.

रोज डेल्टा हेज केलं तर दिशा बऱ्यापैकी गळून पडते. पण तरी पूर्ण जुळत नाही, कारण गॅमा स्ट्राइकजवळच असतो. समजा १०० च्या स्ट्राइकचा स्ट्रॅडल विकला, इंडेक्स हळूहळू ९२ वर गेला आणि मग तिथे धिंगाणा झाला. आरव्ही प्रचंड, पण तुमच्याकडे तिथे गॅमा उरलेलाच नाही, मार कमी बसतो. आणि उलट, अख्खा महिना शांत गेला, शेवटच्या दोन दिवसांत इंडेक्स बरोब्बर १०० वर असताना हिसके बसले, तर आरव्ही मामुली आणि तोटा मोठा. म्हणून एकच स्ट्राइक विकून व्हेरियन्स प्रीमियम तपासला असं म्हणता येत नाही. सगळ्या स्ट्राइकचे ऑप्शन, स्ट्राइकच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घेतले तर गॅमाचा पैशातला भार सगळीकडे सारखा राहतो. व्हिक्स २००३ पासून अशाच पट्टीवरून काढतात, म्हणूनच त्याचा वर्ग आरव्हीच्या वर्गासमोर ठेवणं योग्य.

मधलीसुट्टी

म्हणजे माझा नफा प्रीमियमचा आहे की नशिबाचा हे कळायचा मार्गच नाही? :(

रात्रपाळी

तुमच्या जुन्या ट्रेडवर कागदी हेज लावून बघा. रोज बंद भावाला डेल्टा शून्य केला असता तर काय झालं असतं, तो आकडा एका रकान्यात आणि तुमचा प्रत्यक्ष आकडा दुसऱ्या रकान्यात. दोघांतला फरक दिशेचा. हेजवाला रकाना शून्याच्या आसपास घोटाळत असेल आणि सगळी कमाई फरकातून येत असेल तर तुम्ही व्होलॅटिलिटी विकत नव्हता, बाजार एका पट्ट्यात राहील यावर पैज लावत होता.

आकडेबाज

इथे एक अडकलं. व्हिक्सच्या पट्टीत लांबचे पुट पण आले आणि त्यांची आयव्ही नेहमी जास्त असते. म्हणजे व्हिक्स हा अॅट-द-मनी आयव्हीपेक्षा वरच राहणार. मग जो माणूस फक्त अॅट-द-मनी स्ट्रॅडल विकतो त्याला माझ्या `fwd` मधला पूर्ण फरक मिळतच नाही?

रात्रपाळी

नाही मिळत. व्हिक्स १६ असताना अॅट-द-मनी १३-१४ असणं अगदी नेहमीचं. आरव्ही १२ आली तर चार्टवर ४ पॉइंट, हातात एक-दोन. त्यातून बिड-आस्कचा फरक, हेजचा खर्च, मार्जिनमध्ये अडकलेला पैसा वजा करा. उरलेला फरक लांबच्या पुटमध्ये आहे, तो हवा असेल तर लांबचे पुट विकावे लागतात आणि फेब्रुवारी २०२० तिथेच राहतो. चाचणी आणि खातं यात जी तफावत लोकांना दिसते त्यातला मोठा भाग हाच.

आणि एक छोटी सूचना. आरव्ही काढताना रोजच्या परताव्यातून सरासरी वजा करू नका, तुमच्या कोडमध्ये मी मुद्दाम केली नाहीये. आणि पाच-पाच मिनिटांच्या डेटावरून काढायचा मोह झाला तर बाजार बंद ते उघडणं यातली उडी त्यात धरलीये का ते बघा. ती गाळली तर आरव्ही कमी निघते आणि प्रीमियम फुकटात फुगतो, कारण ऑप्शन विकणारा रात्रीसुद्धा विकलेलाच असतो.

थीटाप्रेमी

बरं, मी थोडा नरमलो :) पण मग फेब्रुवारी २०१८ बद्दल बोला. तेव्हा शॉर्ट व्होलॅटिलिटीवाले एका रात्रीत साफ झाले, एक्सआयव्ही नावाचं प्रॉडक्ट बंदच करावं लागलं. बाजार किती पडला होता? ५ फेब्रुवारीला ४ टक्के. चार टक्क्यांत एवढं होत असेल तर मग व्हेरियन्स विकणं म्हणजे आत्महत्याच की. तुमचा चार्ट काय म्हणतो त्या महिन्याबद्दल?

आकडेबाज

बघितलं. २ फेब्रुवारी २०१८ ला व्हिक्स १७.३१, पुढच्या २१ दिवसांची आरव्ही साधारण २५. `fwd` उणे ८ च्या आसपास, वर्गात साधारण उणे ३२०. रात्रपाळींच्या हिशोबाने तीन साधारण महिन्यांची कमाई. म्हणजे वाईट, पण २०२० च्या पासंगालाही पुरत नाही. मग ते प्रॉडक्ट ९० टक्क्यांवर कसं पडलं?

रात्रपाळी

कारण त्यांनी ही वस्तू विकलीच नव्हती. त्यांनी व्हिक्सचे फ्युचर्स विकले होते. ऑप्शन विकून हेज करत एक्सपायरीपर्यंत बसणाऱ्याचा हिशोब आलेल्या व्होलॅटिलिटीवर होतो. आयव्ही मध्येच वाढली तर मार्क-टू-मार्केट लाल दिसतं, मार्जिन मागतात, पण दम असेल तर शेवटी आरव्हीच ठरवते. व्हिक्स फ्युचर विकणाऱ्याचा हिशोब आयव्ही पुढे कुठे जाईल यावर. त्या दिवशी व्हिक्स १७ वरून ३७ वर बंद झाला, आयव्ही एका दिवसात दुपटीवर, आणि त्या प्रॉडक्टला रोज बंद होताना आपला बोजा जुळवून घ्यायला फ्युचर्स परत विकत घ्यावे लागत, सगळ्यांना एकाच वेळी. आरव्ही विरुद्ध आयव्ही ही तुलना त्या जोखमीबद्दल काहीच सांगत नाही. दोन्हींना लोक शॉर्ट व्होल म्हणतात म्हणून गोंधळ.

खवचट

मग २०१८ नंतर एवढे लोक ऑप्शन विकायला उतरलेत, रोजच्या एक्सपायरी आल्यात, तरी प्रीमियम तेवढाच राहिलाय असं समजायचं? माझा अंदाज तो आटलाय.

सोनचाफा

अंदाज ठीक आहे पण यातून दिसणार कसा? २०१८ नंतरचे महिने मोजले तर शंभरच्या आसपास, त्यात मार्च २०२० एकटा सगळी सरासरी ओढतो. तो ठेवला तर प्रीमियम आटलेला दिसेल, काढला तर भरभरून. आणि काढायला कारण काय, तोच तर आपण मोजतोय.

रात्रपाळी

मी मध्यक बघतो अशा वेळी, सरासरी नाही. साधारण महिन्यात काय मिळतं तेवढं तरी कळतं, आणि शेपटी वेगळी ठेवायची. पण खवचट, रोजच्या एक्सपायरीचं प्रीमियम व्हिक्समध्ये नाहीच. व्हिक्स २३ ते ३७ दिवसांच्या ऑप्शनवरून निघतो. लोक विकतायत एक दिवसाचं आणि आपण मोजतोय तीस दिवसांचं. ते तपासायचं तर त्या दिवसाचे सकाळचे ऑप्शन भाव आणि दिवसभराची हालचाल लागेल, म्हणजे हा कोड चालणार नाही.

आकडेबाज

तो डेटा विकत घ्यावा लागतो आणि महाग आहे. तोवर सोनचाफा ताईंनी सांगितलेलं करतो, एक्सपायरी ते एक्सपायरी, सुरुवातीचा दिवस बदलून, सरासरी आणि मध्यक दोन्ही. पण एक शंका आहेच, महिन्याचे जुने एस अँड पी ऑप्शन शुक्रवारी सकाळच्या उघडण्याच्या भावावर सेटल होतात ना? मग शेवटचा दिवस गुरुवारच्या बंद भावाला तोडू की शुक्रवारचा उघडण्याचा भाव घेऊ?

रात्रपाळी

उघडण्याचा घ्या. आणि नुसता इंडेक्सचा छापलेला ओपन नको, त्यात काही शेअरचे आदल्या दिवशीचे भाव असतात. सेटलमेंटचा आकडा एक्सचेंज वेगळा जाहीर करतं, `SET` म्हणून शोधा. बहुतेक महिन्यांत फरक नगण्य, पण ज्या शुक्रवारी गॅप उघडतो तिथेच तुमचे टोकाचे आकडे बसलेले असतात.